कमलच्या पुढे कलम

क, म आणि ल ही तीन अक्षरं घ्या आणि त्यांच्या होतील तेवढ्या मांडण्या शब्दकोशाच्या क्रमाने लिहून काढा. कमल, कलम, मकल, मलक, लकम, लमक. सहा झाल्या, सातवी होणार नाही. पहिल्या दोन सोडल्या तर बाकीच्या बोलण्यात कधी येत नाहीत, पण कोशाच्या क्रमाला अर्थाशी देणंघेणं नसतं. पहिलं अक्षर कुठलं ते तो बघतो, पहिलं सारखं निघालं तर दुसरं बघतो, आणि तेही सारखं असेल तर तिसरं.

आता ती यादी झाकून ठेवा. कुणी तुमच्या हातात फक्त ‘मलक’ दिलं आणि विचारलं, याच्यानंतर काय येतं? तीनच अक्षरं असल्यामुळे मनातल्या मनात जमतं. ‘म’ने सुरू होणाऱ्या दोन्ही मांडण्या संपल्या, तेव्हा आता ‘ल’चा नंबर, आणि त्यामागे क, म ओळीने. लकम.

अक्षरांच्या जागी अंक ठेवले की हाच प्रश्न जरा कठीण वाटायला लागतो. २,७४,९८,६३१ ही संख्या घ्या. आठ अंक आहेत, सगळे वेगवेगळे. हेच आठ अंक पुन्हा वापरून, एकही न वाढवता आणि न गाळता, हिच्या लगेच पुढची मोठी संख्या करायची आहे. नुसती मोठी नको, जितक्या मोठ्या होतील त्यांतली सर्वांत लहान हवी. सारख्या लांबीच्या संख्यांमध्ये कोशाचा क्रम आणि लहान-मोठेपणाचा क्रम एकच असतो, म्हणून ‘कोशातली पुढची मांडणी’ आणि ‘त्याच अंकांची पुढची मोठी संख्या’ ही एकाच प्रश्नाची दोन नावं आहेत. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींत हा प्रश्न नेहमीचा आहे, आणि तिथे तो बहुतेक वेळा संख्येच्याच रूपात विचारतात.

सरळ माणूस काय करेल? एकेक मिळवत जाईल. २,७४,९८,६३२ मध्ये तेच अंक आहेत का? नाहीत. मग ६३३, मग ६३४. या वाटेने गेलात तर उत्तर सापडायच्या आधी १,१४,८५७ संख्या तपासून टाकून द्याव्या लागतील. थोडा हुशार माणूस नऊ-नऊच्या उड्या मारेल. कुठल्याही संख्येला नऊने भागल्यावर जी बाकी उरते तीच तिच्या अंकांच्या बेरजेलाही उरते. इथे अंक तेच असल्यामुळे बेरीज बदलत नाही, तेव्हा दोन मांडण्यांतला फरक नऊच्या पाढ्यातलाच असणार. तरीही उड्या होतात १२,७६२. कागदावर हे कुणी करणार नाही.

प्रत्यक्षात एक उडी पुरते, आणि ती कुठे मारायची हे त्या संख्येतच दिसतं. फक्त तिच्याकडे उजवीकडून बघावं लागतं.

शेवटच्या अंकापासून डावीकडे वाचत चला. १, ३, ६, ८, ९ असे अंक चढत जातात. नवानंतर येतो ४. इथे पहिल्यांदा घसरण झाली. या चारावर बोट ठेवा. त्याच्या उजवीकडची ९८६३१ ही झाली शेपटी. डावीकडून वाचली तर शेपटी सगळीच्या सगळी उतरती आहे, आणि उतरती आहे याचा अर्थ त्या पाच अंकांची याहून मोठी मांडणी होऊच शकत नाही. मोठ्यात मोठा अंक पुढे, त्याच्याहून लहान त्याच्या मागे, असं आधीच झालेलं आहे. म्हणजे पुढचे २७४ हे तीन अंक जागच्या जागी ठेवून शेपटीत कितीही उलथापालथ केली तरी संख्या लहानच होणार. २७४ने सुरू होणाऱ्या मांडण्या इथे संपल्या.

तेव्हा चाराला जागा सोडावी लागणार. त्याच्या आधीच्या २७ला मात्र हात लावायचं कारण नाही. चाराच्या उजवीकडे त्याच्याहून मोठे अंक आहेत, म्हणजे २७ तसेच ठेवून मोठी संख्या होऊ शकते. आणि डावीकडचा अंक वाढवला तर संख्या गरजेपेक्षा जास्त फुगेल. चाराच्या जागी कोण बसणार? चाराहून मोठा हवा, पण मोठ्यांतला लहान हवा. शेपटीत ९, ८ आणि ६ हे तिघे चाराहून मोठे आहेत. त्यांत लहान ६. तर सहा आणि चार यांची अदलाबदल करा: २,७६,९८,४३१.

पुष्कळ लोक इथे थांबतात. संख्या मोठी झाली, अंक तेच आहेत, फरकाला नऊनेही भाग जातो, मग काय राहिलं? राहिलं हे की २७६ने सुरू होणाऱ्या संख्यांपैकी आपल्याला सर्वांत लहान हवी आहे, आणि ९८४३१ ही शेपटी सर्वांत मोठी आहे. ती चढती करायला हवी. त्यासाठी नव्याने क्रम लावत बसायचीही गरज नाही. सहाच्या जागेवर जाऊन बसलेला चार हा आठ आणि तीन यांच्या मधोमध आला आहे, म्हणजे शेपटी अदलाबदलीनंतरही उतरतीच राहिली. उतरती ओळ उलटी लिहिली की चढती होते. ९८४३१चे झाले १३४८९, आणि उत्तर आलं २,७६,१३,४८९. मूळ संख्येपासून अंतर १,१४,८५८. मधल्या लाखभर संख्यांत आपले आठ अंक घेऊन बसलेली एकही नाही.

स्कूटरच्या किलोमीटरच्या मीटरमध्ये हेच होतं. ४,९९९चे ५,००० होताना उजवीकडचे नऊ संपलेले असतात, त्यांच्या डावीकडचा चार एका घराने वाढतो आणि मागचे सगळे शून्यावर येतात. फरक इतकाच की मीटरला प्रत्येक घरात दहाही अंक फुकट मिळतात, आणि आपल्याला मोजके आठ अंक एकमेकांत वाटून घ्यायचे असतात. म्हणून आपला चार पाचावर जात नाही, शेपटीत जो अंक हाताशी आहे त्याच्यावर जातो.

उजवीकडून वाचताना घसरण कुठेच आली नाही तर? म्हणजे संख्या ९८७६४३२१ अशी पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरती निघाली तर? मग ती या अंकांची शेवटची मांडणी, तिच्यापुढे काही नाही. हे वेगळं तपासावं लागत नाही, घसरण न सापडणं हीच त्याची खूण. आणि शून्याची भीती बाळगायचं कारण नाही. दिलेल्या संख्येचा पहिला अंक एक तर तसाच राहतो किंवा वाढतो, त्यामुळे शून्य उडी मारून पुढे येऊन बसलं आणि संख्या एका अंकाने आखूड झाली, असं पुढच्या मांडणीत घडू शकत नाही.

अंक वेगवेगळे असतील तोवर हे सगळं सरळ आहे. एखादा अंक दोनदा-तीनदा आला की चुका सुरू होतात, आणि त्या चुका अशा असतात की एखाद-दुसरं उदाहरण करून बघितलं तर दिसत नाहीत. त्यासाठी ‘लीलावती’तलंच उदाहरण घेऊ. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथाच्या शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात ४, ८, ५, ५, ५ हे पाच अंक दिले आहेत आणि विचारलं आहे की यांच्या वेगवेगळ्या संख्या किती होतील आणि त्या सगळ्यांची बेरीज किती.

सर्वांत लहान संख्या ४५५५८. आपली रीत लावत चला. पुढची ४५५८५, मग ४५८५५, मग ४८५५५. इथपर्यंत काही अडचण नाही. आता ४८५५५ची पुढची काढायची आहे. उजवीकडून ५, ५, ५, ८ आणि मग ४. सारख्या अंकांना घसरण मानायची नाही, हे पहिलं पथ्य. ते मोडलं आणि शेवटच्या दोन पाचांनाच घसरण समजलं तर पाच आणि पाच यांची अदलाबदल होते, संख्या तीच राहते, आणि संगणकाला हेच काम दिलेलं असेल तर तो ४८५५५ हीच संख्या छापत बसतो. ही चूक निदान लपत नाही.

दुसरी लपते. बोट चारावर आहे, त्याच्याहून मोठ्यांतला लहान अंक पाच, पण पाच तीन आहेत. कुठला घ्यायचा? कुठला का घेईना, पाच तो पाच, असं वाटतं. सर्वांत उजवीकडचा घेतला तर अदलाबदलीनंतर ५८५५४ होतात आणि शेपटी उलटून ५४५५८ येतात. हे बरोबर. डावीकडून भेटणारा पहिला पाच घेतला तर होतात ५८४५५. आता शेपटी ८४५५ झाली आहे, ती उतरती राहिलेली नाही, चार भलत्याच जागी जाऊन बसला आहे. ती उलटली की येतात ५५५४८. संख्या मोठी आहे, अंक बरोबर आहेत, दिसायलाही काही वावगं नाही. पण ५४५५८, ५४५८५, ५४८५५, ५५४५८ आणि ५५४८५ अशा पाच संख्या मध्येच गळाल्या. म्हणून पथ्य दुसरं: सारखे असतील त्यांतला सर्वांत उजवीकडचा घ्यायचा, म्हणजे शेपटी उतरती राहते.

गळाल्या हे कळणार कसं? इथे भास्कराचार्यांचे दोन्ही प्रश्न उपयोगी पडतात. पाच वेगळे अंक असते तर मांडण्या १२० झाल्या असत्या. तीन पाच आपसांत सहा तऱ्हांनी फिरतात आणि त्या फिरण्याने संख्या बदलत नाही, म्हणून १२०ला सहाने भागायचं. वीस. यादी वीसची भरली नाही तर काहीतरी गळालं. आणि वीस भरली पण एखादी दोनदा आली आणि दुसरी आलीच नाही, असंही होऊ शकतं, त्याला बेरीज आहे. पाच अंकांची बेरीज २७. वीस संख्यांमध्ये मिळून एककाच्या घरात वीस अंक असतात, आणि पाची अंक आपापल्या वाट्याने तिथे येतात, तेव्हा त्या घराची बेरीज २७ गुणिले ४, म्हणजे १०८. दशकाच्या घराची तीच, शतकाचीही तीच. म्हणजे १०८ गुणिले ११,१११. उत्तर ११,९९,९८८. आपल्या रीतीने काढलेल्या वीस संख्यांची बेरीज एवढीच यायला हवी. आजचा प्रोग्रॅमर आपला प्रोग्रॅम तपासायला अशीच एखादी चाचणी शोधत असतो, आणि ही साडेआठशे वर्षांपूर्वीपासून तयार आहे.

संगणकाच्या जगात ही रीत आता हाताने लिहावीही लागत नाही. सी प्लस प्लस या भाषेत ती `next_permutation` नावाने तयार मिळते. तुमच्या अंकांची ओळ तिला दिली की ती त्याच जागी पुढची मांडणी करून ठेवते आणि ‘हो’ सांगते. शेवटच्या मांडणीनंतर बोलावली तर ओळ पुन्हा पहिल्या, चढत्या मांडणीवर आणून ठेवते आणि ‘नाही’ सांगते. सगळ्या मांडण्या हव्या असतील तर एवढंच लिहायचं:

```
sort(a.begin(), a.end());
do {
    dakhva(a);
} while (next_permutation(a.begin(), a.end()));
```

यातली पहिली ओळ विसरण्याचं प्रमाण फार आहे. ओळ चढत्या क्रमाने लावून घेतली नाही तर काम मधूनच सुरू होतं. आपली २,७४,९८,६३१ ही संख्या आठ अंकांच्या ४०,३२० मांडण्यांच्या रांगेत ८,२८०वी आहे. तिच्यापासून सुरुवात केली तर आधीच्या ८,२७९ मांडण्या कधीच दिसणार नाहीत, आणि प्रोग्रॅम कुठलीही तक्रार न करता संपेल. अशी चूक शोधताना मांडण्यांची संख्या मोजून पाहणं हाच खात्रीचा उपाय.

या रीतीचा वेगही जरा थांबून बघण्यासारखा आहे. आपलं उदाहरण मुद्दाम लांब शेपटीचं घेतलं होतं. प्रत्यक्षात अंक वेगवेगळे असताना निम्म्या मांडण्यांत शेवटचे दोन अंक चढते असतात, आणि तिथे फक्त त्या दोघांची अदलाबदल केली की काम झालं. उरलेल्यांतही बहुतेकदा शेवटच्या तीन अंकांत भागतं. सहांपैकी पाच वेळा तिसऱ्या अंकापलीकडे जावंच लागत नाही. चौथ्या अंकापलीकडे जायची पाळी चोवीसांतून एकदा येते. म्हणून संख्या दहा अंकी असो की शंभर अंकी, एका पावलाला सरासरी मेहनत जवळपास तेवढीच पडते. संगणकाजवळ मागची यादी असावी लागत नाही, किती झाल्या याचा हिशेब असावा लागत नाही. समोरची एक मांडणी पुरते.

ही रीत कुणाची? डोनाल्ड कनूथ यांनी संगणकशास्त्रावरच्या आपल्या प्रचंड ग्रंथमालेच्या २०११ साली निघालेल्या खंडात तिला नुसतं ‘अल्गोरिदम एल’ म्हटलं आहे, आणि तिचा उगम चौदाव्या शतकातल्या नारायण पंडितांपर्यंत नेला आहे. नारायण पंडितांचा ‘गणितकौमुदी’ हा ग्रंथ १३५६चा, आणि त्यातही अंकपाशावर एक मोठं प्रकरण आहे. युरोपात ती छापून आली १७८४ साली, लाइपझिगमध्ये, हिंडेनबुर्ग या जर्मन गणितज्ञाने दुसऱ्याच्या एका पुस्तकाला लिहिलेल्या प्रस्तावनेत. त्यानंतर ती अनेकांनी आपापली पुन्हा शोधून काढली. ते स्वाभाविक आहे. ज्याला मांडण्या क्रमाने हव्या असतात तो फिरून फिरून इथेच येतो.

मला स्वतःला मात्र याहून रंजक वाटतं ते नारायण पंडितांच्या शंभरेक वर्षं आधीचं, आणि ते अंकांचं नसून सुरांचं आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा माणूस होता. नोकरी हिशेबखात्यातली, आणि लिहिला त्याने ‘संगीतरत्नाकर’. सात सुरांच्या उलटसुलट ताना किती आणि कोणत्या, हा त्यातला एक विषय आहे. किती याचं उत्तर ५,०४०. कोणत्या याचं उत्तर म्हणून त्याने यादी दिली नाही, रीत दिली. तिला प्रस्तार म्हणतात.

रीत अशी. एक तान लिहा. डावीकडून बघत चला आणि असा पहिला सूर शोधा, ज्याच्या डावीकडे त्याच्याहून खालचा एखादा सूर आहे. त्या सुराच्या खाली, पुढच्या ओळीत, डावीकडच्या खालच्या सुरांपैकी त्याला सर्वांत जवळचा सूर लिहा. उजवीकडचे सूर जसेच्या तसे खाली उतरवा. डावीकडे रिकामी राहिलेली घरं उरलेल्या सुरांनी मूळ चढत्या क्रमाने भरा.

सा रे ग पासून सुरू करू. रे हा पहिला सूर, ज्याच्या डावीकडे खालचा सा आहे. रेच्या खाली सा, उजवीकडचा ग तसाच, डावीकडे उरलेला रे: रे सा ग. मग याच रीतीने सा ग रे, ग सा रे, रे ग सा, आणि शेवटी ग रे सा. सहा ताना, एकही सुटली नाही, एकही दोनदा आली नाही. चौथा सूर घेतला तर ग रे सा म या तानेपाशी गंमत होते. पहिले तीन सूर उतरते झाले, म्हणजे म शेवटी ठेवून होणाऱ्या सहाही ताना संपल्या. आता मच्या खाली ग येतो आणि डावीकडची घरं सा रे म अशी चढती भरतात. सा रे म ग. संपलेला भाग उतरता, त्याच्या कडेच्या सुराची बदली, आणि मग बाकीचे पुन्हा पहिल्यापासून चढते.

आपलीच रीत, फक्त आरशातली. सा, रे, ग यांना १, २, ३ म्हणा आणि वरच्या सहा ताना उजवीकडून डावीकडे वाचा: ३२१, ३१२, २३१, २१३, १३२, १२३. उतरत्या क्रमाने लावलेल्या संख्या. शार्ङ्गदेवाला कोशाचा क्रम नको होता, त्याला तानेची सुरुवात भराभर बदलायला हवी होती आणि शेवट सावकाश, कदाचित ऐकायला ते बरं वाटत असेल. पण आतलं यंत्र तेच. गवई याला मेरुखंड म्हणतात. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याची गायकी याच्यासाठी ओळखली जाते, आणि उस्ताद अमीर खाँ यांच्या गाण्यात ते ऐकायला मिळतं. अर्थात मैफलीत कुणी ५,०४० ताना ओळीने म्हणत नाही. राग जे सूर आणि ज्या चाली वर्ज्य करतो त्या आधी बाजूला होतात, उरलेल्यांतून गवई निवडतो.

हा शार्ङ्गदेव ज्या राजाच्या पदरी होता, त्याच सिंघणाच्या दरबारात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्याचा उल्लेख आहे. दोघांची कधी गाठ पडली का, हे लिहिलेलं नाही. पण अंकांच्या मांडण्या मोजणारं घराणं आणि सुरांच्या मांडण्या क्रमाने उतरवणारा हिशेबनीस एकाच राजवटीत होते, एवढं खरं.

रीत कितीही हलकी असली तरी तिच्याने सगळं होत नाही. एकेक पाऊल सोपं, पण पावलं मोजायला गेलात तर दहा अंकांना ३६,२८,८०० होतात, आणि वीस वस्तूंना इतकी की दर सेकंदाला एक कोटी मांडण्या काढणाऱ्या संगणकालाही साडेसात हजार वर्षांहून जास्त लागतील. गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याचा सर्वांत जवळचा रस्ता शोधायचा, म्हणून वीस गावांचे सगळे क्रम तपासू, असं म्हणणाऱ्याचा प्रोग्रॅम चुकीचा नसतो, तो संपत नाही. बारा-तेरा वस्तूंपर्यंत ही वाट धरावी, त्यापुढे दुसरी शोधावी.

आणि कधीकधी सगळ्या नकोच असतात, मधलीच एक हवी असते. शार्ङ्गदेवाने तेही दोन प्रश्न वेगळे काढले आहेत. तान कितवी ते दिलं आहे, तान सांगा, हा नष्ट. तान दिली आहे, कितवी ते सांगा, हा उद्दिष्ट. दोन्हींसाठी त्याने खंडमेरू नावाचा कोष्टक दिला, म्हणजे यादी चालत जावी लागत नाही. अंकांसाठी तेच काम भागाकाराने होतं. शून्य ते नऊ या दहा अंकांची, शून्य पुढे आलेलं चालेल असं धरून, कोशाच्या क्रमातली दहा लाखावी मांडणी कोणती? तिच्या आधी ९,९९,९९९ मांडण्या असणार. पहिला अंक ठरला की उरलेल्या नऊ अंकांच्या ३,६२,८८० मांडण्या होतात. ९,९९,९९९ला याने भागलं तर भागाकार २ आणि बाकी २,७४,२३९. म्हणजे शून्याचा आणि एकाचा गट पूर्ण ओलांडला, पहिला अंक २. बाकीला आठ अंकांच्या ४०,३२०ने भागा. भागाकार ६, बाकी ३२,३१९. दोन वगळून उरलेल्या अंकांत सहा अंक ओलांडले की सातवा येतो ७. पुढे ५,०४०ने भागलं की पुन्हा भागाकार ६, आणि उरलेल्यांतला सातवा ८. असं करत शेवटपर्यंत गेलं की मांडणी येते २७८३९१५४६०. नऊ भागाकारांत काम झालं. दहा लाख एकावी हवी असेल तर पुन्हा भागत बसायला नको. उजवीकडून शून्य, सहा, आणि मग चारावर घसरण. चाराच्या जागी सहा, मागे उरलेले चार आणि शून्य चढते करून घेतले की २७८३९१५६०४.